एक ग्राहक, चार शाखा: करार न फोडता बिलं कशी विभागली

ग्राहकाच्या मुख्य कार्यालयाची मागणी एका वाक्यात मावणारी होती: पुढच्या तिमाहीपासून प्रत्येक शाखेचं बिल वेगळं काढा. ग्राहक म्हणजे रोगनिदान प्रयोगशाळांची एक साखळी. आम्ही त्यांना हातमोजे, नमुना नळ्या, टाकाऊ पदार्थांच्या पिशव्या असं रोज लागणारं आणि रोज संपणारं साहित्य पुरवतो. तोवर सगळ्या ऑर्डरी मुख्य कार्यालयातून यायच्या, माल वेगवेगळ्या ठिकाणी जायचा आणि महिनाअखेरीला एकच मोठं बिल मुख्य कार्यालयाला जायचं. ते बिल त्यांचा लेखा विभाग शाखांवर वाटायचा आणि वाद तिथेच व्हायचे. शाखाप्रमुखाला आपल्या नावावर पडलेला खर्च पटायचा नाही, कारण बिलावर त्याच्या शाखेचं नाव कुठेच नसायचं.

अशी मागणी आली की बिलिंग प्रणालीत चार नवी ग्राहक खाती उघडायची आणि जुनं बंद करायचं, हा मार्ग सर्वांत जवळचा वाटतो. आमच्याकडेही तो सुचवला गेला. पण ग्राहक खातं म्हणजे नुसता बिलावरचा पत्ता नव्हे. करारातले दर, खरेदीच्या प्रमाणावरची सूट, उधारीची मर्यादा, जुनी येणी, वादातली बिलं हे सगळं त्या खात्याला बांधलेलं असतं. खातं फोडलं की हेही सगळं फुटतं, आणि ग्राहकाने ते मागितलेलंच नसतं. त्याला बिल शाखानिहाय हवं होतं, करार तोच ठेवायचा होता.

म्हणून आम्ही प्रणालीला हात लावण्याआधी मुख्य कार्यालयाच्या लेखाप्रमुखांसोबत बसलो आणि प्रत्येक ठिकाणासाठी चार प्रश्न वेगवेगळे विचारले. ऑर्डर कोण देणार? माल कुठे उतरणार? बिल कोणाच्या नावाने आणि कोणाकडे जाणार? पैसे कोण भरणार? एकाच ठिकाणाबद्दल या चार प्रश्नांची चार निरनिराळी उत्तरं असू शकतात, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. मोठ्या प्रणालींमध्ये यासाठी मुद्दाम सोय असते. उदाहरणार्थ सॅपमध्ये एका ग्राहकाच्या नोंदीला सोल्ड-टू, शिप-टू, बिल-टू आणि पेयर अशा चार भूमिका जोडता येतात. लहान प्रणालीत एवढी नावं नसतात, पण मुख्य खातं आणि त्याखाली उपखाती, शिवाय एकाहून जास्त डिलिव्हरी पत्ते, एवढं बहुतेक ठिकाणी मिळतं. तेवढ्यावर काम भागतं.

चर्चेनंतर हाती आलेला तक्ता असा होता.

| ठिकाण | ऑर्डर | माल उतरण्याची जागा | बिल | भरणा |
|---|---|---|---|---|
| मध्यवर्ती प्रयोगशाळा | स्वतः | स्वतःचं भांडार | आठवड्याला एक, मुख्य कार्यालयाकडे | मुख्य कार्यालय |
| पश्चिम शाखा | स्वतः | शाखेचं मागचं दार | प्रत्येक डिलिव्हरीला एक, शाखेकडे | मुख्य कार्यालय |
| पूर्व शाखा | स्वतः | मध्यवर्तीचं भांडार | आठवड्याला एक, शाखेकडे | मुख्य कार्यालय |
| उत्तर शाखा | स्वतः | स्वतःचं भांडार | महिन्याला एक, शाखेकडे | स्वतः |

यातल्या दोन ओळींनी आमचं बहुतेक काम खाल्लं: उत्तर आणि पूर्व.

उत्तर शाखा: नाव शाखेचं, कंपनी वेगळी

बोलता बोलता कळलं की उत्तर शाखा ही भागीदारीत चालवलेली स्वतंत्र कंपनी आहे. फलक तोच, प्रमाणपत्रांवरचं बोधचिन्ह तेच, पण कायदेशीर नाव वेगळं आणि कराची नोंदणी वेगळी. मुख्य कार्यालयातले लोकही तिला सरसकट 'शाखा'च म्हणत होते. आधीच्या पद्धतीत तिचा माल मुख्य कंपनीच्या बिलात जायचा आणि नंतर त्यांच्यात आपसात हिशेब व्हायचा.

इथे उपखातं चालत नाही. मूल्यवर्धित पद्धतीचा कर जिथे आहे, तिथे ज्याच्या नावाने बिल असतं त्यालाच त्या कराची वजावट मागता येते. उत्तरच्या मालाचं बिल मुख्य कंपनीच्या नावाने निघालं, तर वजावट चुकीच्या हाती जाते, आणि हिशेब तपासणीत ते उघडं पडलं की दोघांनाही निस्तरावं लागतं. म्हणून उत्तरसाठी खरोखर वेगळं ग्राहक खातं उघडलं: स्वतःचं कायदेशीर नाव, स्वतःचा नोंदणी क्रमांक, स्वतःची उधारी मर्यादा, स्वतःची मुदत.

मध्यवर्ती, पश्चिम आणि पूर्व यांचं मात्र उलट. ही तिन्ही एकाच कंपनीची ठिकाणं, म्हणून तिन्ही बिलांवर पहिल्या ओळीत तेच कायदेशीर नाव आणि तोच नोंदणी क्रमांक, आणि शाखेचं नाव व संकेतांक दुसऱ्या ओळीत. शाखाप्रमुखांना पहिल्या ओळीत आपल्या शाखेचं नाव हवं होतं. त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे, पण 'पश्चिम शाखा' या नावाची कोणतीही कंपनी अस्तित्वात नाही, आणि अस्तित्वात नसलेल्या नावाने काढलेलं बिल कर विभागापुढे टिकत नाही. दुसरी ओळ जाड अक्षरात केली, त्यावर एकमत झालं.

शाखा वेगवेगळ्या कर-क्षेत्रांत असतील तर आणखी एक गाठ पडते, कारण बऱ्याच करप्रणालींत कोणता कर लागणार हे माल कुठे पोहोचतो त्यावर ठरतं. या ग्राहकाची चारही ठिकाणं एकाच कर-क्षेत्रात होती, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. पण तो विचारूनच पुढे गेलो.

सूट कोणाच्या बेरजेवर?

करारात खोक्यांच्या मासिक संख्येवर सूट होती. 300 किंवा जास्त खोकी घेतली तर 8 टक्के, 100 ते 299 पर्यंत 5 टक्के, त्याखाली काही नाही. ग्राहकाची सरासरी खरेदी महिन्याला 320 खोकी होती: मध्यवर्ती 160, उत्तर 70, पश्चिम 60, पूर्व 30.

आता चार स्वतंत्र खाती केली असती तर काय झालं असतं ते पाहा. मध्यवर्तीला 5 टक्के मिळाले असते आणि बाकी तिघांना शून्य. तेवढीच खरेदी, तोच पुरवठादार, आणि ग्राहकाचा खर्च एकदम वाढला असता. पहिलं बिल हाती पडताच फोन आला असता आणि तो रास्तच असता.

फक्त उत्तरला वेगळं काढलं तरी पेच होताच. उरलेल्या तिघांची बेरीज 250 होते. म्हणजे उत्तर बाहेर गेली की सगळ्यांची सूट 8 वरून 5 वर येते आणि उत्तरला तर काहीच मिळत नाही. हे बिलिंगच्या पातळीवर सोडवता येत नाही. प्रणालीत आकडा बदलून 8 टक्के दाखवता येतात, पण त्याला करारात आधार नसेल तर पुढच्या हिशेब तपासणीत तो प्रश्न पुन्हा उभा राहतो. म्हणून कराराला एक पानी पुरवणी जोडली. तिच्यात लिहिलं की सूट ठरवताना मुख्य कंपनी आणि उत्तर शाखेची कंपनी या दोघांची खरेदी एकत्र मोजली जाईल, मात्र देणं ज्याचं त्याचंच राहील. हे शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. खरेदी एकत्र मोजली म्हणून मुख्य कंपनी उत्तरच्या थकबाकीची जामीन होत नाही, आणि तसा समज कोणाचाही होता कामा नये.

यातून लगेच दुसरा प्रश्न निघाला. जुन्या पद्धतीत महिनाअखेरीला एकच बिल होतं, त्यामुळे तोवर एकूण खोकी माहीत असायची. आता पश्चिमचं बिल महिन्याच्या दुसऱ्या दिवशीच निघणार. त्या दिवशी या महिन्यात 300 खोकी होतील की नाही हे कसं कळणार? एक मार्ग असा की सुरुवातीला कमी सूट द्यायची आणि महिनाअखेरीला फरकाची क्रेडिट नोट काढायची. तो आम्ही नाकारला, कारण पश्चिमची महिन्याला आठ-दहा बिलं होतात आणि प्रत्येकाला क्रेडिट नोट म्हणजे ज्या गोंधळातून बाहेर पडायचं तोच नव्या रूपात. त्याऐवजी ठरलं की मागच्या तिमाहीच्या मासिक सरासरीवर चालू तिमाहीचा दर ठरेल आणि तो तिमाहीभर बदलणार नाही. मागची सरासरी 320, म्हणून ही तिमाही 8 टक्के. खरेदी घटली तर त्याचा परिणाम पुढच्या तिमाहीत दिसेल, मागे जाऊन कोणतंही बिल बदलायचं नाही.

पूर्व शाखा: माल एकीकडे, बिल दुसरीकडे

पूर्व शाखा लहान आहे. तिच्याकडे साठवणीची खोली नाही. तिचा माल मध्यवर्तीच्या भांडारात उतरतो आणि तिथून ग्राहकाची स्वतःची गाडी नमुने न्यायला-आणायला जाते तेव्हा घेऊन जाते. कागदावर हे किरकोळ वाटतं, पण बिलं अडकतात ती नेमकी अशा ठिकाणी.

ग्राहकाच्या लेखा विभागात बिल मंजूर होतं ते तीन कागद जुळल्यावर: त्यांनी दिलेली ऑर्डर, माल मिळाल्याची आवक नोंद आणि आमचं बिल. पूर्वच्या बाबतीत ऑर्डर पूर्वची, बिल पूर्वचं, पण आवक नोंद करणारा माणूस मध्यवर्तीच्या भांडारात बसलेला. त्याच्यासमोर खोकी आली की तो सवयीने ती मध्यवर्तीच्या साठ्यात चढवणार. मग पूर्वचं बिल आवक नोंदीवाचून पडून राहतं आणि मध्यवर्तीच्या साठ्यात तीस खोकी जास्त दिसतात. आमच्या बाजूने याची खूण ठरलेली असते: बिलाची मुदत टळते, कोणी तक्रार करत नाही, कोणी पैसेही देत नाही. विचारलं की उत्तर मिळतं, "बिल जुळवणीत आहे."

हे टाळायला तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, पूर्वच्या मालाचं चलान नेहमी वेगळं. मध्यवर्तीचा आणि पूर्वचा माल एकाच गाडीतून, एकाच फेरीत जातो, तरी चलानं दोन आणि सह्याही दोन. दुसरी, पूर्वच्या चलानावर ऑर्डर क्रमांक सर्वांत वर मोठ्या अक्षरात आणि त्याखाली 'मध्यवर्ती भांडारात उतरवणे, पूर्व शाखेच्या ऑर्डरवर आवक नोंद करणे' ही ओळ छापलेली. तिसरी, ग्राहकाने आपल्या प्रणालीत मध्यवर्तीच्या भांडारपालाला पूर्वच्या ऑर्डरींवर आवक नोंद करण्याचा अधिकार दिला. ही तिसरी गोष्ट आमच्या हातातली नव्हती, पण ती झाल्याशिवाय पूर्वचं वेगळं बिल सुरू करायचं नाही असा आग्रह आम्ही धरला. पुरवठादाराने असा आग्रह धरण्यात काही गैर नाही. त्यांच्याकडे जुळणारच नाही असं बिल पाठवून पुढे तीन महिने मागे लागण्यापेक्षा सुरुवात एक आठवडा उशिरा झालेली परवडते.

जबाबदारी कुठे संपते हेही लिहून घेतलं. मध्यवर्तीच्या भांडारात चलानावर सही झाली की आमची डिलिव्हरी पूर्ण. खोकं कमी असेल किंवा फुटलेलं असेल तर त्याची नोंद तिथेच चलानावर व्हायला हवी. तिथून पूर्वपर्यंतचा प्रवास ग्राहकाचा.

शाखांना कळवणं

मुख्य कार्यालयाशी सगळं ठरलं तरी शाखेत माल घेणाऱ्या माणसापर्यंत ते आपोआप पोहोचत नाही. आमचा विक्री विभाग चारही ठिकाणांना एकच सामाईक परिपत्रक पाठवणार होता. मी ते थांबवलं. चार ठिकाणांची व्यवस्था वेगळी असताना सामाईक परिपत्रकात प्रत्येकाला आपल्याला लागू नसलेला तीन चतुर्थांश मजकूर वाचावा लागतो, आणि लागू असलेला नेमका नजरेतून सुटतो. त्याऐवजी प्रत्येक ठिकाणाला फक्त त्याचं एक पान पाठवलं आणि चारही पानांची प्रत मुख्य कार्यालयाला दिली. पूर्व शाखेला गेलेलं पान असं होतं:

> आदरणीय शाखा व्यवस्थापक, पूर्व शाखा,
>
> येत्या तिमाहीच्या पहिल्या दिवसापासून आपल्या शाखेच्या खरेदीचं बिल स्वतंत्र निघेल. आपल्या शाखेचा संकेतांक 1040-03 आहे. ऑर्डर, चलान आणि बिल या तिन्हींवर तो असेल.
>
> ऑर्डर: आपल्या शाखेनेच द्यावी. ऑर्डर क्रमांक 03 ने सुरू होणारा असावा. मुख्य कार्यालयाच्या क्रमांकावर आलेली ऑर्डर आम्ही आपल्या शाखेवर चढवू शकणार नाही. तसं झाल्यास माल पाठवण्याआधी आपल्याला विचारू.
>
> माल: दर मंगळवारी आणि शुक्रवारी मध्यवर्ती प्रयोगशाळेच्या भांडारात उतरेल. खोक्यांवर आपल्या शाखेचं नाव असेल. चलानावर भांडारपाल सही करतील. चलानाची प्रत त्याच दिवशी आपल्याला ईमेलने येईल, म्हणजे आपल्यापर्यंत काय यायला हवं हे आपल्याला आधीच कळेल.
>
> बिल: दर शनिवारी एक, आपल्या शाखेच्या लेखा ईमेलवर. त्यात त्या आठवड्याच्या सर्व चलानांचे क्रमांक असतील. बिलावर कंपनीचं नाव पूर्वीचंच राहील, शाखेचं नाव त्याखालच्या ओळीत असेल.
>
> भरणा: मुख्य कार्यालय करेल. आपण बिल तपासून पाच कामकाजी दिवसांत मंजूर करावं किंवा हरकत कळवावी.
>
> हरकत असल्यास: बिल क्रमांक आणि चलान क्रमांक लिहून आमच्या बिलिंग विभागाला कळवावं. हरकत एका ओळीपुरती असेल तर बाकीचं बिल कृपया अडवू नये.

शेवटच्या ओळीवरून मुख्य कार्यालयाशी थोडं बोलावं लागलं, कारण त्यांच्या प्रणालीत बिल अर्धं मंजूर करता येत नव्हतं. तोडगा असा निघाला की हरकत मान्य असेल तर आम्ही तीन दिवसांत त्या ओळीची क्रेडिट नोट काढू, आणि बिल व क्रेडिट नोट मिळून ते एकत्र मंजूर करतील.

पश्चिमच्या पानात मालाचा परिच्छेद लांब होता: सकाळी सात ते दहा, मागचं दार, सहीसोबत सही करणाऱ्याचं सुवाच्य नाव. नुसती रेघ ओढलेली सही दोन महिन्यांनी कोणाची ते सांगता येत नाही. उत्तरच्या पानात मुदतीचा परिच्छेद वेगळा होता. त्याचं कारण सांगतो. बाकीच्यांना बिलाच्या तारखेपासून 30 दिवस होते. उत्तरचं बिल महिन्याला एकदाच निघणार, म्हणजे 2 तारखेला पोहोचलेल्या मालाचं बिल 30 तारखेला निघणार आणि त्यावर आणखी 30 दिवस. माल पोहोचल्यापासून पैसे येईपर्यंत 58 दिवस झाले असते. बिलाची वारंवारता बदलली की मुदतही नकळत बदलते, आणि तिचा विचार न करता मासिक बिल मान्य करणं म्हणजे न बोलता उधारी वाढवून देणं. उत्तरला मासिक बिल हवंच होतं, म्हणून मुदत 15 दिवस ठरली.

बदलाचा दिवस

तिमाहीच्या पहिल्या दिवशी जुन्या पद्धतीतल्या काही ऑर्डरी अर्धवट होत्या. नळ्यांची बारा खोकी आमच्याकडेच शिल्लक नव्हती, ती पुढच्या आठवड्यात जाणार होती. ती कोणत्या बिलात जावीत? माल निघण्याच्या तारखेने ठरवलं तर ती नव्या पद्धतीत, शाखेच्या नावावर जातात. पण त्यांची ऑर्डर मुख्य कार्यालयाच्या क्रमांकाची. शाखेच्या बिलावर मुख्य कार्यालयाचा ऑर्डर क्रमांक म्हणजे जुळवणीत अडकण्याची हमीच. म्हणून नियम केला की ज्या ऑर्डरवर जुना क्रमांक, तिचं बिल जुन्याच पद्धतीने, माल कधीही जावो. अशा ऑर्डरींची यादी काढून ग्राहकाला दिली आणि ती संपेपर्यंत दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालू ठेवल्या.

पहिल्या महिन्याच्या अखेरीस एक साधी पडताळणी केली. त्या महिन्यातल्या सगळ्या सही झालेल्या चलानांची यादी एका बाजूला, आणि सगळ्या बिलांवर उल्लेखलेल्या चलानांची यादी दुसऱ्या बाजूला. प्रत्येक चलान नेमक्या एका बिलात असायला हवं. एकाही बिलात नसलेलं चलान म्हणजे बुडालेलं बिल, दोन बिलांत आलेलं म्हणजे पुढचा वाद. एका चलानाचा पत्ता लागेना. ते मध्यवर्तीचं होतं, आठवडा संपण्याच्या संध्याकाळी सही झालेलं आणि प्रणालीत दुसऱ्या दिवशी चढलेलं, त्यामुळे साप्ताहिक बिलाच्या कक्षेबाहेर राहिलेलं. पुढच्या बिलात ते आपोआप यायला हवं होतं, पण बिल काढताना तारखेची चाळणी सहीच्या तारखेवर लावलेली होती. ती बदलून 'आजवर बिल न झालेली सगळी चलानं' अशी केली. तेव्हापासून कोणतं चलान सुटलं तरी फार तर एक आठवडा उशिरा येतं, हरवत नाही.

पैसे आल्यावर

बिलं वेगळी झाली तरी तीन ठिकाणांचे पैसे मुख्य कार्यालयाकडूनच, एका हप्त्यात येत होते. दुसऱ्या महिन्यात मध्यवर्तीच्या एका बिलावर अर्धवट रक्कम बाकी दिसू लागली आणि मुदत टळताच प्रणालीने मुख्य कार्यालयाला स्मरणपत्र पाठवलं. तिकडून उत्तर आलं की मध्यवर्तीचं सगळं दिलेलं आहे. दोघंही बरोबर होते. पश्चिमने एका बिलावर हरकत घेतली होती, म्हणून मुख्य कार्यालयाने ते वगळून पैसे पाठवले. आमची प्रणाली मात्र आलेली रक्कम सर्वांत जुन्या बिलापासून जिरवत जाते. वादातलं बिल जुनं होतं, त्यामुळे ते पूर्ण भरलेलं दिसलं आणि तूट सरकत सरकत मध्यवर्तीच्या नव्या बिलावर येऊन थांबली.

असं झालंय हे ओळखायची खूण पक्की आहे: कोणाचीही हरकत नसलेल्या बिलावर विचित्र, बेहिशेबी आकड्याची बाकी, आणि ती बाकी दुसऱ्या एखाद्या बिलाच्या रकमेशी तंतोतंत जुळणारी. तसं दिसलं की स्मरणपत्र पाठवायच्या आधी जमा उलगडून पाहावी. या खात्यासाठी आम्ही आपोआप जिरवणं बंद केलं. ग्राहकाने प्रत्येक भरण्याच्या दिवशी बिल क्रमांक आणि रकमा यांचा तपशील ईमेलने पाठवायचा, आणि तपशील नसेल तर रक्कम न जुळवता दोन कामकाजी दिवस बाजूला ठेवून आम्ही फोन करायचा, असं ठरलं.

याच प्रसंगाने उधारी मर्यादेचा प्रश्न पुढे आला. तीन ठिकाणांची मर्यादा सामाईक ठेवली होती, कारण पैसे भरणारा एकच आणि जोखीमही एकच. पण सामाईक मर्यादेत पश्चिमचं वादातलं बिल मध्यवर्तीचा माल रोखू शकतं, आणि प्रयोगशाळेत नळ्या संपल्या तर तपासण्या थांबतात. मर्यादा तिघांत वाटून देणं हा उपाय नव्हता. तसं केलं की एकाकडे मोकळी मर्यादा पडून राहते आणि दुसऱ्याचा माल अडतो. म्हणून वादात असलेली बिलं मर्यादेच्या मोजणीतून वगळली, मात्र त्यांना कमाल 30 दिवसांची अट घातली, आणि माल रोखण्याआधी मुख्य कार्यालयाला फोन करणं बंधनकारक केलं.

पश्चिमची ती हरकत रास्त होती, एक खोकं भिजलेलं होतं. क्रेडिट नोट काढताना दोन गोष्टी पाहिल्या: ती मूळ बिलाच्या क्रमांकाला जोडलेली आणि पश्चिमच्याच संकेतांकावर असावी, आणि दर सूट वजा करून लावलेला असावा. मुख्य खात्यावर काढलेली क्रेडिट नोट एकूण बाकी कमी करते, पण पश्चिमच्या खर्चात ती कधीच दिसत नाही. मग शाखानिहाय बिलांचा सगळा खटाटोप कशासाठी?

पूर्वकडूनही एक तक्रार आली: बारा खोक्यांऐवजी दहाच मिळाली. चलानावर मध्यवर्तीच्या भांडारपालाची बारा खोक्यांची सही होती, शेरा नव्हता. ठरलेल्या व्यवस्थेप्रमाणे आमची जबाबदारी संपली होती, पण तेवढं कळवून थांबणं मला बरं वाटलं नाही. आमचा गाडीचालक भांडारपालांसोबत आत जाऊन पाहून आला. दोन खोकी मध्यवर्तीच्या तशाच खोक्यांच्या थप्पीत मिसळली होती. खोक्यावरचं शाखेचं नाव एकाच बाजूला होतं आणि ती बाजू भिंतीकडे गेली होती. तेव्हापासून पूर्वच्या खोक्यांना चारही बाजूंनी रंगीत पट्टी असते आणि ती वेगळ्या फळीवर उतरतात. क्रेडिट नोटची गरज पडली नाही.

पूर्व शाखा नव्या जागेत जाण्याच्या तयारीत आहे आणि तिथे भांडार असेल. तेव्हा तक्त्यातला एकच रकाना बदलेल: माल उतरण्याची जागा. संकेतांक, बिल, दर आणि भरणा तेच राहतील, चलानावरची ती छापील ओळ निघेल, आणि शाखेला नवं पान पहिल्या डिलिव्हरीच्या किमान एक आठवडा आधी जाईल.